दोन नंबरच्या टेबलावर बसवाल का?

निकाल लागून आठवडा झाला होता. एका उमेदवार मुलीचा फोन आला. तक्रार नव्हती, रडारडही नव्हती. तिने सरळ विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षी मला दोन नंबरच्या टेबलावर बसवाल का?"

मी धुळ्यात एका संस्थेत काम करते. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये वाचनाचा कार्यक्रम चालवायला आम्ही दरवर्षी तरुण मुलंमुली नेमतो. त्या वर्षी १४४ जणांच्या मुलाखती होत्या आणि जागा ३६. सहा टेबलं, प्रत्येकावर एक मुलाखतकार, प्रत्येकाकडे २४ उमेदवार. प्रश्न सहा, प्रत्येकाला पाचपैकी गुण, एकूण तीस. प्रश्न सगळीकडे तेच, गुणपत्रक तेच, त्यामुळे मुलाखती एकसारख्या झाल्या असं आम्ही समजून चाललो होतो. त्या मुलीच्या गावातली तिची मैत्रीण दोन नंबरवर बसली होती, ही पाचवर. एसटीतून परत जाताना दोघींनी उत्तरं ताडून पाहिली असणार.

फोन ठेवला आणि मी निवडलेल्यांची यादी टेबलानुसार मांडली. एकपासून सहापर्यंत आकडे असे आले: ७, १४, ६, ०, १, ८. म्हणजे निवडलेल्या छत्तीसपैकी चौदा एका टेबलावरचे, आणि चार नंबरवर बसलेल्या चोवीस जणांपैकी एकही नाही.

दोन नंबरवर आमच्या एक ताई होत्या, वीस वर्षं बालवाडी चालवलेल्या. त्यांची सरासरी २१.६. पाच नंबरवर निवृत्त मुख्याध्यापक, त्यांची १५.२. कडक कोण आणि सढळ कोण हे ऑफिसातल्या शिपायानेही सांगितलं असतं. खरं सांगायचं तर मलाही ते आधीपासून माहीत होतं. फक्त निवड यामुळे इतकी कलते हे माहीत नव्हतं.

सरांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे आलेलेच कच्चे होते." आणि मला ते खोडता येईना. कारण टेबलं आम्ही तालुक्यांनुसार वाटली होती, येणाऱ्यांना सोपं पडावं म्हणून. सरांकडे एकाच बाजूची गावं आली होती. तिकडची मुलं खरंच कमी तयारीची होती की सरांचा हात आखडता होता, हे त्या आकड्यांतून कधीच कळणार नव्हतं. दोन तराजू तपासायचे तर दोन्हींत एकच वजन टाकून पाहावं लागतं. आम्ही एका तराजूत कांदे टाकले होते, दुसऱ्यात बटाटे.

हिशेब बघणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने एक सोपा उपाय सुचवला. सगळ्या टेबलांची सरासरी सारखी करायची: ताईंच्या सगळ्या उमेदवारांचे तीन गुण कमी, सरांच्या उमेदवारांना साडेतीन जास्त. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम. याला विरोध केला तो तीन नंबरवरच्या सरांनी. दहावीच्या उत्तरपत्रिकांवर त्यांनी अनेक वर्षं नियामक म्हणून काम केलं होतं. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा एक निकाल सांगितला, उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाविरुद्धचा, संजय सिंह यांचा. न्यायाधीशपदाच्या लेखी परीक्षेत परीक्षकांच्या कडक-सढळपणावर उपाय म्हणून आयोगाने गुण गणिताने वरखाली केले होते. न्यायालय म्हणालं की एकाच विषयाचे पेपर अनेकांनी तपासल्यामुळे पडणारा फरक मॉडरेशनने, म्हणजे आपण ज्याला नियमन म्हणतो त्याने, काढायचा. आधी सगळे परीक्षक एकत्र बसतात, उत्तर कसं हवं ते ठरवतात, नमुन्याचे पेपर तपासतात, मग मुख्य परीक्षक मधूनमधून पडताळतो. गणिताचं स्केलिंग वेगवेगळ्या विषयांचे गुण एका पातळीवर आणण्यासाठी ठीक.

"आणि पेपर तरी कपाटात राहतो," सर म्हणाले. "मुलाखत संपली की उत्तर हवेत गेलं. नंतर काय नियमन करणार?"

सरासरी सारखी करण्यात आणखी एक खोट होती, ती चार नंबरच्या टेबलाने दाखवली. तिथे एक गृहस्थ होते, सगळ्यांत समतोल म्हणून त्यांची ख्याती. त्यांची सरासरी १८.३, म्हणजे जवळजवळ मधोमध. सरासरीच्या हिशेबात त्यांच्याकडे बोट दाखवायला जागाच नव्हती. पण त्यांचे चोवीसच्या चोवीस उमेदवार १७ ते २० मध्ये होते, आणि निवडीची रेषा २१ वर लागली होती. उत्तम आणि सुमार दोघांनाही त्यांनी मधलेच गुण दिले होते. कडक माणसाकडे निदान एक जण रेषेवर गेला, समतोल माणसाकडे कुणीच नाही. मी इतके दिवस पाच नंबरकडेच बघत होते.

त्या वर्षीचा निकाल आम्ही बदलला नाही. नेमणुका होऊन गेल्या होत्या. ते योग्य होतं का, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

पुढच्या वर्षी मुलाखतींच्या दहा दिवस आधी सहाही जणांना एक दिवस बसवलं. आधीच नेमलेल्या चार कार्यकर्त्यांच्या परवानगीने त्यांच्या नमुना मुलाखती मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या, प्रत्येकी पंचवीस मिनिटांच्या. खऱ्या उमेदवारांच्या वापरल्या नाहीत, कारण सरावात कुणाचं नशीब अडकायला नको. नियम एकच होता: बघायचं, गुण लिहायचे, कागद माझ्याकडे द्यायचा. तोवर तोंड उघडायचं नाही. चेहरासुद्धा करायचा नाही. हा दुसरा भाग बालवाडीच्या ताईंना फार जड गेला.

पहिल्या रेकॉर्डिंगमधला तिसरा प्रश्न होता, "वाचता न येणाऱ्या एखाद्या मुलासाठी तुम्ही काय केलंत?" मुलीने सांगितलं की चौथीतल्या एका मुलाला ती रोज खिचडीनंतर पंधरा मिनिटं घेऊन बसायची. धडा वाचायला तो लाजायचा, म्हणून तिने गावातल्या दुकानांच्या पाट्या कागदावर लिहून आणल्या. किराणा, सलून, पिठाची गिरणी. दोन महिन्यांनी तो वाचायला लागला.

फळ्यावर सहा जणांचे गुण लिहिले: ३, ५, ३, ३, २, ४. एकच उत्तर, एकच आवाज, आणि पाचपैकी दोनपासून पाचपर्यंत.

मग मी विचारलं, "गुण बाजूला ठेवा. तुम्ही ऐकलं काय?" ताई म्हणाल्या, "तळमळ." पाच नंबरचे सर म्हणाले, "वाचायला लागला हे कशावरून? तिने सांगितलंच नाही." सहा नंबरच्या मॅडमना पाट्यांची कल्पना आवडली होती, तिला चार. चार नंबरच्या गृहस्थांना का ते सांगता येईना. थोडं थांबून म्हणाले, "बरं होतं." मी ते शब्द तसेच वहीत उतरवून घेतले.

कडक कोण, सढळ कोण हा वाद तिथेच मला जुना वाटायला लागला. ताई आणि सर एकच गोष्ट मोजून वेगळे आकडे देत नव्हते. ताई तळमळ मोजत होत्या, सर पुरावा. 'उत्तम', 'चांगला', 'साधारण' असे शब्द आमच्या गुणपत्रकावर होते, आणि प्रत्येकाने त्यात आपापला अर्थ भरला होता.

म्हणून त्या प्रश्नाचे गुण आम्ही वाक्यांत लिहिले. उमेदवार नुसतं "मुलांना प्रेमाने समजावलं पाहिजे" अशा थाटाचं बोलला तर एक. एक ठरावीक मूल आणि त्यासाठी केलेली ठरावीक गोष्ट सांगितली तर तीन. मूल नेमकं कुठे अडत होतं आणि फरक पडला हे कसं तपासलं, हेही आलं तर पाच. दोन आणि चार मधल्यांसाठी. पाट्यांचं उत्तर या मापाने तीन किंवा चार होतं. ताईंनी कुरकुर केली, "मग तळमळीचं काय?" त्यावर नियामक सर म्हणाले, "तळमळ असलेला माणूस तपासतो, ताई. तपासलं का ते विचारा, तळमळ आपोआप दिसेल." मला हे पूर्ण पटलं असं नाही, पण ठरलं तसं.

दुसऱ्या रेकॉर्डिंगला बहुतेक प्रश्नांवर सगळे एका गुणाच्या आत आले. मी खूश झाले, आणि लगेच लक्षात आलं की हे सगळे नियामक सरांच्या आकड्यापाशी येऊन थांबलेत. चर्चेत ते आधी बोलायचे, अनुभवाने मोठे, आवाज खणखणीत. बाकीचे मनातल्या मनात त्यांचा आकडा ओळखायला शिकले होते. तिसऱ्या रेकॉर्डिंगला क्रम उलटा केला: वयाने सगळ्यांत लहान त्याने आधी बोलायचं, सरांनी शेवटी. फरक थोडा वाढला, आणि ते बरंच झालं.

'संवादकौशल्य' या प्रश्नावर मात्र गाडी अडली. तिसरा मुलगा मधूनमधून अहिराणीत जात होता. "पोऱ्या वाचाले लागना" असं त्याच्या तोंडून सहज गेलं. एकाने दोन दिले, दुसऱ्याने पाच. दोन देणारे काही दुष्ट नव्हते. त्यांच्या डोक्यात शाळा तपासणीला आलेल्या साहेबांशी बोलणारा कार्यकर्ता होता. पाच देणारीच्या डोक्यात घरी अहिराणी बोलणारी पहिलीतली पोरं होती. इथे माप सारखं करून भागणार नव्हतं, आम्हाला माणूस कशासाठी हवा ते ठरवावं लागणार होतं. ठरलं की पोरांसाठी. असा कल टेबलाच्या सरासरीत दिसला नसता, कारण तो सगळ्या उमेदवारांना लागत नाही, ठरावीक बोलणाऱ्यांनाच लागतो.

प्रत्यक्ष मुलाखतींना १५० जण होते. या वेळी तालुक्यानुसार वाटणी नाही. सकाळी डब्यातून चिठ्ठी काढायची, येईल ते टेबल. लांबून आलेल्यांना थांबावं लागलं, चहाचा खर्च वाढला.

पहिल्या दिवशी एका टेबलावर दोघं बसले. सहा जणांच्या तीन जोड्या, प्रत्येक फेरीनंतर जोडीदार बदलायचा. पाच फेऱ्यांत प्रत्येकजण बाकीच्या पाचही जणांबरोबर एकदा बसतो. असं दोनदा फिरवलं. तीस उमेदवार झाले आणि प्रत्येक मुलाखतकाराने दहा जणांना जोडीदारासोबत ऐकलं. त्यातल्या पाच मुलाखतींत प्रश्न त्याने विचारायचे, पाचांत जोडीदाराने. गुण दोघांनी वेगवेगळे लिहायचे, बोलायच्या आधी.

जोडी लावायची ती एकाच उमेदवारावरचे दोन आकडे मिळावेत म्हणून. वेगवेगळ्या उमेदवारांच्या सरासऱ्या फार डोलतात. आमच्याकडे एका टेबलावरच्या गुणांत साधारण चार गुणांचा चढउतार असतो. त्या हिशेबाने चोवीस-चोवीस जणांच्या दोन टेबलांच्या सरासरीत दोन गुणांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. उमेदवार तोच असला की त्याच्या हुशारीचा प्रश्न दोन्ही बाजूंनी कटतो आणि उरतो तो मुलाखतकारांमधला फरक.

संध्याकाळी वजाबाक्या केल्या. ताई जोडीदारापेक्षा सरासरी १.५ गुणांनी वर. कमी झालं होतं, गेलं नव्हतं. चार नंबरच्या गृहस्थांचा फरक जवळजवळ शून्य, पण आकडे एकेक बघितले तर जोडीदाराने २५ दिले तिथे यांचे २१, जोडीदाराने १२ दिले तिथे यांचे १६. वरच्याला खाली ओढायचं, खालच्याला वर, बेरीज शून्य. त्यांना बाजूला घेऊन दाखवलं तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कुणावर अन्याय नको म्हणून मी मधले देतो हो." मी काही बोलले नाही. गेल्या वर्षीचे ते चोवीस जण माझ्या डोळ्यांपुढे होते. त्यांच्याही असावेत.

चक्रावून टाकलं ते पाच नंबरच्या सरांनी. त्यांचा फरक उणे ०.४, म्हणजे नसल्यातच जमा. मग गेल्या वर्षीचे १५.२ आले कुठून? खरंच कच्ची मुलं?

उत्तर वजाबाकीत नव्हतंच. मी सरांच्या दहा मुलाखती दोन ढिगांत मांडल्या. जोडीदाराने प्रश्न विचारले त्या पाचांत दोघांच्या गुणांची सरासरी १९.३. सरांनी विचारले त्या पाचांत १५.८, आणि तिथे जोडीदाराचेही गुण पडले होते. पाच-पाच मुलाखतींवरून काहीच सिद्ध होत नाही, हा फरक योगायोगही असू शकतो. पण मग सरांबरोबर बसलेल्या सहा नंबरच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "सर प्रश्न विचारतात, उत्तर ऐकतात, मान हलवतात आणि पुढचा प्रश्न. पोरं एक वाक्य बोलून गप्प होतात. ताई काय करतात, 'हो का? मग? तो काय म्हणाला?' पोरगी बोलतच सुटते."

सर गुण द्यायला कडक नव्हतेच. त्यांच्यासमोर उत्तरंच आखूड येत होती, आणि आखूड उत्तराला ते योग्य तेवढेच गुण देत होते. रेकॉर्डिंगच्या सरावात हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथे उत्तर आधीच दिलेलं असतं, सगळे फक्त मोजतात. नमुना मुलाखती बघून ताळमेळ झाला असं मानून आम्ही तिथेच थांबलो असतो तर पाच नंबरचं टेबल पुन्हा तिथेच राहिलं असतं.

रात्री तीन पुरवणी प्रश्न गुणपत्रकावर छापून घेतले, सगळ्यांसाठी, आणि ते विचारलेच पाहिजेत असं ठरलं: ते मूल कोण? तुम्ही नेमकं काय केलंत? फरक पडला हे कसं कळलं? यापलीकडे मदत नाही. हा दुसरा अर्धा भाग ताईंसाठी होता, कारण कधीकधी उत्तर त्याच सुचवायच्या आणि मुलगी नुसती "हो" म्हणायची. सरांनी ज्या पाच जणांना प्रश्न विचारले होते त्यांना आम्ही पुन्हा बोलावून दुसऱ्या टेबलावर मुलाखत घेतली. पाचांपैकी चौघं आले. पाचव्याचा फोन लागला नाही.

उरलेले १२० जण पुढच्या तीन दिवसांत, एकेका टेबलावर वीस. रोज जोड्या लावायला माणसं आणि वेळ दोन्ही नव्हते. म्हणून मधल्या दिवशी सकाळी सगळ्यांना चौथं, न बघितलेलं रेकॉर्डिंग दाखवून गुण घेतले. दोघांचे गुण वर सरकले होते, त्यात ताई नव्हत्या. दोन दिवस तीच ती उत्तरं ऐकून जरा बरं काही ऐकू आलं की माणूस खूश होतो. आम्ही एकच केलं, लिहिलेली वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली आणि कामाला लागलो.

ताईंचे दीड गुण शेवटी वजा करायचे का, यावर बरीच खडाखडी झाली. मी नको म्हटलं. दहा उमेदवारांवर काढलेला दीड हा आकडा, खरा कदाचित अर्धा असेल, कदाचित अडीच. आणि रेषेपासून लांब असलेल्यांना त्याने काही फरक पडत नव्हता. फरक पडणार होता तो रेषेजवळच्यांना. मग १९ ते २३ मध्ये आलेल्या सगळ्यांची, ते २८ निघाले, दुसऱ्या टेबलावर दुसरी मुलाखत घ्यायची आणि दोन्हींची सरासरी धरायची असं ठरलं. दुसऱ्या मुलाखतकाराला पहिले गुण सांगायचे नाहीत. एक दिवस जास्त लागला. संस्थेच्या विश्वस्तांनी खर्चाबद्दल विचारलं, मी त्यांना गेल्या वर्षीचे सहा आकडे दाखवले.

या वेळी पहिल्या मुलाखतीच्या टेबलानुसार निवड अशी झाली: ७, ८, ५, ४, ६, ६. जोडीच्या दिवशीचे उमेदवार प्रश्न विचारणाऱ्याच्या नावावर धरलेत. आमच्या हिशेबवाल्या मित्राने विचारलं की सगळीकडे सहा का नाहीत. चिठ्ठ्यांनी वाटल्यावर सगळीकडे बरोबर सहा आले असते तर मीच घाबरले असते.

फोन करणारी ती मुलगी या वर्षीही आली होती. चिठ्ठीत तिला चार नंबर आला. त्या गृहस्थांनी तिला २१ दिले, म्हणजे ती रेषेजवळच्या अठ्ठावीस जणांत आली, आणि दुसऱ्या मुलाखतीला तिला मिळालं दोन नंबरचं टेबल. तिथे १९. सरासरी वीस, आणि रेषा या वर्षीही एकवीसवरच होती.

निकालानंतर तिचा फोन आला. "मॅडम," ती म्हणाली, "या वेळी तर मी दोन नंबरवरच बसले होते."